महिन्याला किती केक विकले की खर्च सुटतो? घरून केक करणाऱ्यांसाठी ब्रेक-इव्हनचं गणित

घरून केक विकायला लागलं की पहिले काही महिने एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो: ऑर्डरी येताहेत, पैसेही येताहेत, पण हातात नक्की काही उरतंय का? याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. मात्र एका बैठकीत, कागदावर, ते नेमकं काढता येतं. महिन्याला किती केक विकले की सगळा खर्च भरून निघतो आणि त्यापुढच्या केकपासून नफा सुरू होतो, तो आकडा म्हणजे तुमचा ब्रेक-इव्हन पॉइंट, म्हणजेच ना नफा ना तोटा बिंदू. मी स्वतः घरून केक करते आणि कोणतीही नवी किंमत ठरवण्याआधी हेच गणित मांडते. ते कसं मांडायचं, कुठे फसायला होतं आणि आलेल्या आकड्यावरून निर्णय कसा घ्यायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरणातली बेकर एक किलोचा क्रीम केक ८०० रुपयांना विकते आणि ग्राहकाच्या घरी पोहोचवून देते. रकमा फक्त गणित समजावं म्हणून घेतल्या आहेत. पायऱ्या त्याच ठेवा, आकडे तुमचे घाला.

बसण्याआधी जवळ काय हवं

- गेल्या महिन्याची सामानाची सगळी बिलं, किरकोळ खरेदीसकट
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा
- वीजबिल, आणि ओव्हनच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट
- ओव्हन, मिक्सर, साचे किती रुपयांना घेतले याची नोंद
- गेल्या महिन्यातल्या ऑर्डरींची यादी: रद्द झालेल्या, फुकट दिलेल्या आणि बिघडलेल्या केकसह
- वही किंवा स्प्रेडशीट

## १. खर्चाचे दोन ढीग करा

प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: या महिन्यात एकही केक केला नाही, तरी हा खर्च होणार आहे का? उत्तर "हो" असेल तर तो स्थिर खर्च. "नाही" असेल तर तो बदलता खर्च, म्हणजे प्रत्येक केकबरोबर वाढणारा.

आपल्या बेकरचे महिन्याचे स्थिर खर्च असे आहेत:

- ओव्हन, मिक्सर, साचे यांची झीज: १,२५० रुपये
- भांडी घासायला आणि आवरायला येणाऱ्या मदतनिसाचा पगार: २,००० रुपये
- जाहिरात आणि फोटो: ८०० रुपये
- केकसाठी ठेवलेल्या वेगळ्या फ्रिजची वीज: ४५० रुपये
- फोन-इंटरनेटचा धंद्यापुरता वाटा: ३०० रुपये
- नोंदणी, परवाना यांचा वर्षाचा खर्च भागिले १२: २०० रुपये

एकूण ५,००० रुपये.

पहिल्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवीन बेकर ती हमखास सोडून देतात. या बेकरने ४५,००० रुपयांची साधनं घेतली आणि ती तीन वर्षं चांगली चालतील असं धरलं. म्हणून ४५,००० भागिले ३६ महिने, म्हणजे १,२५० रुपये. ही रक्कम महिन्याला खिशातून जात नाही, त्यामुळे ती खर्च वाटत नाही. पण ओव्हनचा एलिमेंट गेला किंवा मिक्सर जळाला की ती सगळी एकदम समोर उभी राहते. साधनं हप्त्यावर घेतली असतील तर झिजेऐवजी हप्ता धरा. दोन्ही धरू नका, नाहीतर एकच ओव्हन दोनदा मोजला जाईल.

केकच्या क्लासची फी मात्र या ढिगात घालू नका. ते पैसे आधीच खर्च झाले आहेत. तुम्ही उद्या केक करा अथवा करू नका, ते परत येणार नाहीत, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या निर्णयात त्यांचं काही काम नाही.

## २. एका केकचा खरा खर्च काढा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे आणि बहुतेकांचा हाच आकडा कमी धरलेला असतो.

कृतीत लिहिलेलं माप आणि प्रत्यक्ष लागलेलं सामान यांत फरक असतो. कृतीत ३५० मिली व्हिपिंग क्रीम लिहिलेलं असतं, पण बाऊलला, स्पॅच्युलाला आणि पायपिंग बॅगेच्या टोकाला चिकटलेलं क्रीम कुणी मोजत नाही. रंग नीट जुळावा म्हणून जरा जास्तच फेटलेलं क्रीम शेवटी उरतं तेही हिशेबात येत नाही. म्हणून कृतीवरून हिशेब करू नका, काट्यावरून करा. केक सुरू करण्याआधी मैदा, साखर, बटर, क्रीम यांचे डबे वजन करून लिहून ठेवा. केक डब्यात बंद झाला की पुन्हा वजन करा. जेवढं कमी झालं तेवढं त्या केकने खाल्लं. दोन-तीन वेगवेगळ्या केकना असं करून सरासरी घ्या.

नाशवंत मालाचं आणखी एक पाहा. एक लिटरच्या पाकिटातलं निम्मं क्रीम वापरलं आणि उरलेलं पुढची ऑर्डर येईपर्यंत टिकलं नाही, तर त्या केकवर पूर्ण पाकिटाचा खर्च पडतो. ऑर्डरी कमी असतात तेव्हा हे वारंवार घडतं. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत एका केकचा खर्च नंतरच्या महिन्यांपेक्षा जास्तच येतो.

विजेसाठी ओव्हनचे वॅट बघा. २,००० वॅटचा ओव्हन अखंड तासभर तापत राहिला तर २ युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये एलिमेंट बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी लागते. प्री-हीटची मिनिटं धरायला मात्र विसरू नका.

व्हॅनिला, खायचा रंग, बटर पेपर, मीठ अशा किरकोळ वस्तू केकगणिक मोजत बसू नका. महिन्याभराचा त्यांचा खर्च काढा आणि त्या महिन्यात केलेल्या केकच्या संख्येने भागा.

आपल्या बेकरच्या एक किलोच्या केकचा हिशेब असा आला:

- सामान: २७० रुपये
- डबा, केक बोर्ड, रिबन, मेणबत्ती: ५० रुपये
- ओव्हनची वीज: १० रुपये
- किरकोळ वस्तू: १० रुपये
- पोहोचवणं: ६० रुपये

एकूण ४०० रुपये.

पोहोचवण्याचे पैसे ग्राहक वेगळे देत असेल आणि तुम्ही ते तसेच पुढे देत असाल, तर ते किमतीतही धरू नका आणि खर्चातही नको. एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूला सोडलं की उत्तर चुकतं.

## ३. वाया जाणारे केक धरा

स्पंज मध्येच बसतो, उन्हात नेताना क्रीम उतरतं, कुणी आदल्या रात्री ऑर्डर रद्द करतं. हे अधूनमधून होणारच, त्यामुळे त्याला हिशेबात जागा हवी. आपल्या बेकरच्या यादीत साधारण २० केकमागे एक वाया जातो असं दिसलं. वाया गेलेल्या केकला डबा आणि पोहोचवणं लागत नाही, पण सामान आणि वीज गेलेली असते: २८० रुपये. ते विकल्या गेलेल्या १९ केकवर वाटले तर प्रत्येकावर सुमारे १५ रुपये येतात.

म्हणजे एका विकलेल्या केकचा बदलता खर्च ४१५ रुपये झाला.

## ४. एका केकमागे उरतं किती?

८०० वजा ४१५, म्हणजे ३८५ रुपये. हिशेबाच्या पुस्तकात याला अंशदान म्हणतात.

हे ३८५ रुपये अजून तुमचा नफा नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला ५,००० रुपयांचा खड्डा पडलेला असतो आणि प्रत्येक विकलेला केक त्यात ३८५ रुपयांची भर टाकतो. खड्डा भरला की पुढच्या प्रत्येक केकचे ३८५ रुपये तुमचे.

## ५. आता भागाकार करा

स्थिर खर्च भागिले एका केकमागे उरणारी रक्कम: ५,००० ÷ ३८५ = १२.९९. अपूर्णांक आला तर नेहमी वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, कारण पाऊण केक विकता येत नाही. म्हणून उत्तर १३ केक.

पडताळून पाहा. १२ केक विकले तर ४,६२० रुपये जमतात आणि ३८० रुपये कमी पडतात. १३ विकले तर ५,००५ रुपये जमतात, म्हणजे खर्च सुटून फक्त ५ रुपये वर.

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये स्थिर खर्च, B2 मध्ये किंमत आणि B3 मध्ये एका केकचा बदलता खर्च लिहा. मग हे सूत्र घाला:

```
=ROUNDUP(B1/(B2-B3),0)
```

किंमत किंवा खर्च बदलला की उत्तर आपोआप बदलेल. B2 हा B3 पेक्षा कमी किंवा त्याच्याइतकाच असेल, तर सूत्र ऋण आकडा किंवा चूक दाखवेल. त्याचा अर्थ साधा आहे: त्या किमतीला कितीही केक विकले तरी खर्च सुटणार नाही. ऋण आकडा आला असेल तर प्रत्येक केकबरोबर तोटा वाढतच जाईल. अशा वेळी जास्त ऑर्डरी मिळवण्यात अर्थ नाही, आधी किंमत किंवा सामान बदला.

## ६. तुमची मेहनत कुठे आहे?

१३ केक हा आकडा पाहून हायसं वाटतं. पण यात बेकरच्या कष्टाचा एक रुपयाही नाही. खरेदी, ग्राहकाशी बोलणं, बेकिंग, आयसिंग, आवराआवर असं सगळं मिळून एका केकला तिचे तीन तास जातात. १३ केक म्हणजे ३९ तास, आणि मोबदला जवळपास शून्य. मला वाटतं, घरून काम करणाऱ्यांच्या हिशेबातली सर्वांत मोठी गळती हीच आहे. घरचीच माणसं, घरचंच स्वयंपाकघर, म्हणून तास कुणी मोजतच नाही.

यावर उपाय असा: महिन्याला तुम्हाला किती रक्कम हवी ते ठरवा आणि ती स्थिर खर्चात मिळवून पुन्हा भागा. आपल्या बेकरला महिन्याला १०,००० रुपये हवेत. ५,००० अधिक १०,००० म्हणजे १५,०००. त्याला ३८५ ने भागलं की ३८.९६ येतात, म्हणजे ३९ केक.

दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. १३ च्या खाली गेलात तर पदरचे पैसे घालताय. १३ ते ३९ च्या मध्ये असाल तर धंदा खर्च भागवतोय, पण तुमच्या कष्टाला अपेक्षेपेक्षा कमी देतोय.

किती कमी, तेही काढता येतं. समजा २५ केक गेले. २५ गुणिले ३८५ म्हणजे ९,६२५, त्यातून ५,००० गेले की ४,६२५ रुपये उरले. तास लागले ७५. म्हणजे तासाला साधारण ६२ रुपये. हा दर तुम्हाला मान्य आहे का, हे तुम्हीच ठरवायचं, पण आकडा डोळ्यासमोर ठेवून ठरवा.

## ७. एवढे केक होऊ तरी शकतात का?

३९ केक गुणिले तीन तास म्हणजे ११७ तास. महिन्यात २६ दिवस काम केलं तर रोज साडेचार तास. कागदावर हे जमतं. पण ऑर्डरी रोज सारख्या येत नाहीत, त्या शनिवार-रविवारी आणि सणासुदीला एकदम येतात. एका दिवशी ओव्हनमधून किती स्पंज निघतात, फ्रिजमध्ये सजवलेले किती केक उभे राहतात आणि तुमचे हात किती केकवर नीट काम करू शकतात, यांतला सर्वांत लहान आकडा ही तुमची त्या दिवसाची मर्यादा. पुष्कळदा अडतं ते ओव्हनपाशी नाही, फ्रिजपाशी: एक किलोचा केक उंच डब्यात ठेवायचा तर अख्खा कप्पा लागतो.

आपल्या बेकरने गर्दीचे आणि रिकामे दिवस धरून हिशेब केला, तेव्हा महिन्याला ३० केकच्या वर जाणं शक्य नाही असं दिसलं. १३ ची पातळी ती सहज ओलांडेल. ३९ ला या किमतीत आणि या साधनांत पोहोचणार नाही. नवखी माणसं बहुधा इथेच "अजून जाहिरात करू" म्हणतात, पण जागा आणि हात अपुरे असताना जाहिरातीने काय होणार? त्यापेक्षा किमतीकडे बघावं.

## ८. किंमत थोडी हलवून पाहा

आपल्या बेकरने १० टक्के सवलत दिली तर किंमत ७२० रुपये होते. खर्च तोच राहतो, त्यामुळे एका केकमागे ३८५ ऐवजी ३०५ रुपये उरतात. खर्च सुटायला आता १७ केक लागतात, आणि १०,००० रुपये मिळवायला ५०. किंमत १० टक्क्यांनी कमी झाली, पण तेवढ्याच कमाईसाठी ३९ च्या जागी ५० केक करावे लागले. सवलतीचा सगळा भार उरणाऱ्या रकमेवरच पडतो, म्हणून तो एवढा जाणवतो.

उलट किंमत ८८० केली तर ४६५ रुपये उरतात. खर्च ११ केकमध्ये सुटतो आणि १०,००० साठी ३३ केक पुरतात. हे अजून ३० च्या वर आहे, पण आता अंतर भरून काढण्यासारखं आहे. किंमत वाढल्यावर काही ग्राहक जातील. किती गेले तर चालेल, हेही याच आकड्यांत आहे: ३९ ऐवजी ३३ केक विकूनही कमाई तीच राहते, म्हणजे सहा ऑर्डरी गेल्या तरी बिघडत नाही, उलट १८ तास वाचतात.

ॲपवरून किंवा दुकानामार्फत विकत असाल तर कमिशन वेगळं धरा. ८०० रुपयांवर २० टक्के म्हणजे १६० रुपये. ३८५ मधून ते गेले की २२५ उरतात, आणि सगळे केक त्याच मार्गाने गेले तर खर्च सुटायला १३ ऐवजी २३ केक लागतात. कमिशन पूर्ण किमतीवर कापलं जातं, तुमच्याकडे उरणाऱ्या रकमेवर नाही, हे करार करताना लक्षात ठेवा.

## ९. एकापेक्षा जास्त प्रकारचे केक असतील तर

मग सरासरी काढावी लागते, पण ती विक्रीच्या प्रमाणात. समजा ती अर्ध्या किलोचा केकही ४५० रुपयांना विकते, आणि वाया जाण्याचा वाटा धरून त्याचा खर्च २५० येतो. उरले २०० रुपये. दर दहा ऑर्डरींत चार मोठ्या आणि सहा लहान असतील, तर दहा ऑर्डरींमागे १,५४० अधिक १,२००, म्हणजे २,७४० रुपये उरतात. एका ऑर्डरीमागे सरासरी २७४. पाच हजारांना २७४ ने भागलं की १८.२५, म्हणजे १९ ऑर्डरी.

अर्ध्या किलोच्या केकला सामान निम्मं लागतं, पण वेळ निम्मा लागत नाही. ओव्हन तापवणं, ग्राहकाशी बोलणं, नाव लिहिणं, पोहोचवणं हे सगळं तसंच राहतं. त्याला अडीच तास धरले तर तासाला ८० रुपये उरतात, आणि मोठ्या केकचे तासाला १२८. लहान केक बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण नवे ग्राहक बऱ्याचदा तिथूनच येतात. पण त्याची किंमत मोठ्या केकच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची सवय मात्र सोडा.

## १०. वर्षाचाही एक हिशेब ठेवा

ऑर्डरी नसलेल्या महिन्यातही मदतनिसाचा पगार आणि फ्रिजची वीज थांबत नाही. एखाद्या महिन्यात पाचच केक गेले तर १,९२५ रुपये जमतात आणि ३,०७५ ची तूट पडते. ती भरायला दुसऱ्या कुठल्या तरी महिन्यात नेहमीच्या १३ वर आणखी ८ केक लागतात. म्हणून वर्षाचा आकडाही काढा: ६०,००० भागिले ३८५, म्हणजे १५६ केक.

महिन्याचा हिशेब करताना आगाऊ रकमांपासून सावध राहा. पुढच्या महिन्यातल्या केकचे पैसे आज खात्यात आले तर शिल्लक फुगलेली दिसते, पण त्याचं सामान अजून यायचं असतं. केक ज्या महिन्यात दिला त्याच महिन्यात तो मोजा.

## ११. गणित पुन्हा कधी मांडायचं?

बटर, क्रीम किंवा डब्याचा भाव बदलला की लगेच. सामान केकमागे ३० रुपयांनी महागलं तर ३८५ चे ३५५ होतात आणि १३ चे १५ केक होतात.

नवं साधन घेण्याआधीही मांडा. २७,००० चा दुसरा ओव्हन तीन वर्षांवर वाटला की महिन्याला ७५० रुपये वाढतात. त्याला ३८५ ने भागा: महिन्याला दोन केक जास्त विकले गेले तर ओव्हनचा खर्च निघतो. पण ते दोन केक आज ओव्हनमुळे अडले आहेत की फ्रिजमुळे, हे आधी गर्दीच्या एखाद्या शनिवारी स्वयंपाकघरात उभं राहून बघा. फ्रिजमुळे अडत असतील तर दुसऱ्या ओव्हनमुळे एकही केक वाढणार नाही आणि ७५० रुपये मात्र दर महिन्याला जात राहतील.